मृग बहाराआधी जागा-नोंदणीचा ई-मेल : नागपूरच्या शीतगृहचालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

फेब्रुवारी उजाडला की नागपूर परिसरातील शीतगृहांच्या फाटकावर दरवर्षी तोच वाद होतो. व्यापारी म्हणतो, "मी ई-मेलला होकार दिला होता, माझी जागा राखून ठेवलेली असणार." चालक म्हणतो, "जागा आहे, पण आज गाडी आत घेता येणार नाही." दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. दोष हंगामाआधी पाठवलेल्या ई-मेलमध्ये असतो. 'जागा मर्यादित आहे, त्वरित नोंदणी करावी' एवढाच मजकूर त्यात असतो. माल कोणत्या दिवशी आणि किती उतरवून घेतला जाईल, तो कोणत्या दिवशी बाहेर काढायचा आहे, याविषयी एक अक्षरही नसते. शीतगृहात विकली जाते ती केवळ जागा नव्हे. भरणीचे आणि उचलीचे दिवसही विकले जातात. हे ई-मेलमध्ये आले नाही, तर पुढचे सर्व टप्पे चुकतात.

हा लेख मृग बहाराच्या संत्र्यापुरता मर्यादित आहे. हा माल साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटतो आणि व्यापारी तो उन्हाळ्यातील मागणीसाठी काही आठवडे राखून ठेवतात. नेमक्या त्याच काळात बटाट्याचीही भरणी चालू असते, म्हणून सर्वाधिक गोंधळ याच हंगामात होतो.

## टप्पा १ : ई-मेल केव्हा पाठवावा

पुष्कळ चालक संक्रांतीनंतर ई-मेल पाठवतात, कारण तोपर्यंत माल किती येणार याचा अंदाज आलेला असतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र तेव्हा उशीर झालेला असतो. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या भागांतील बागांचे सौदे तोडणीच्या बरेच आधी ठरतात आणि किती बागा घ्यायच्या हे ठरवताना व्यापारी राखणीची सोय धरूनच हिशेब करतो. जागेचे निश्चित उत्तर सौद्याआधी मिळाले, तर तो त्या बेताने बाग घेतो. सौद्यानंतर मिळाले, तर त्याला जेवढी जागा हवी तेवढी तो कोणत्याही मार्गाने मिळवू पाहतो आणि तिथूनच एकाच मालाची दोन-तीन शीतगृहांत नोंदणी करण्याची पद्धत सुरू होते.

म्हणून पहिला ई-मेल डिसेंबरच्या मध्यापर्यंत गेला पाहिजे, उत्तराची अंतिम तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असली पाहिजे आणि लेखी निश्चिती संक्रांतीच्या आत हातात पडली पाहिजे. पाठवण्याची वेळही पाहावी. सकाळी कळमन्यात लिलाव चालू असताना गेलेला ई-मेल दिवसभराच्या निरोपांखाली गाडला जातो. दुपारनंतर पाठवलेला निवांतपणे वाचला जातो.

तपासणी : पाठवण्यापूर्वी येत्या वर्षाच्या दिनदर्शिकेत होळी आणि धुळवड कोणत्या तारखांना येतात ते पाहून घ्यावे. त्या दोन-तीन दिवसांत हमाल मिळत नाहीत. भरणीच्या वेळापत्रकात ते दिवस आधीच रिकामे सोडावेत.

## टप्पा २ : विकण्याजोगी जागा क्रेटमध्ये मोजणे

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा चुकतो, म्हणून तो सविस्तर पाहू.

शीतगृहाच्या पाटीवर लिहिलेली क्षमता चेंबरच्या घनफळावरून काढलेली असते. सामान्यतः एका टनासाठी ३.४ घनमीटर जागा धरली जाते. पोत्यांची उंच थप्पी लागते तेव्हा हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो, पण संत्रा प्लास्टिक क्रेटमध्ये येतो आणि क्रेट छतापर्यंत रचता येत नाहीत. पाटीवरचा आकडा ई-मेलमध्ये लिहिणे म्हणजे नसलेली जागा विकणे होय.

एक उदाहरण घेऊ. चेंबर १५ मीटर लांब, ९.५ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच आहे. घनफळ ८५५ घनमीटर भरते, म्हणून पाटीवर २५० टन लिहिले आहे. जमिनीचे क्षेत्र सुमारे १४२ चौरस मीटर आहे. हमालांना चालण्याची वाट, भिंतीपासून सोडलेले अंतर, कूलरसमोरची मोकळी जागा आणि दाराजवळची उतरवणीची जागा वजा केली, तर थप्प्यांसाठी जेमतेम ८५ चौरस मीटर उरतात. ५४ बाय ३६ सेंटिमीटरच्या क्रेटला सुमारे ०.१९५ चौरस मीटर जागा लागते. थप्प्यांमध्ये हवा खेळण्यासाठी फट ठेवून ४०० थप्प्या बसतात. चेंबरला मधला मजला आहे आणि प्रत्येक मजल्यावर आठ क्रेटची थप्पी लागते, म्हणजे खाली आणि वर मिळून सोळा. एकूण ६,४०० क्रेट झाले. सडका माल वेगळा काढण्यासाठी आणि रचना बदलण्यासाठी ४०० क्रेटची जागा हाती ठेवली, तर विकण्याजोगे ६,००० क्रेट राहतात. प्रत्येकी २० किलो धरले तर १२० टन.

पाटीवर २५० टन आणि प्रत्यक्षात १२० टन, असा हा फरक आहे. ज्यांनी २०० टनांची नोंदणी घेतली असेल, त्यांना शेवटच्या चार हजार क्रेटसाठी वाटा बुजवाव्या लागतात. वाट बुजली की हवा फिरत नाही, मधल्या थप्प्या गरम राहतात आणि बुरशी नेमकी तिथे सुरू होते.

व्यापाऱ्यांकडचे क्रेट एकाच मापाचे नसतात. म्हणून ई-मेलमध्ये आपण कोणत्या मापाचा क्रेट धरला आहे ते लिहावे आणि वेगळ्या मापाचा क्रेट असल्यास आधी कळवण्यास सांगावे. खोलगट क्रेटमध्ये तीस किलो दाबून भरलेला माल राखणीसाठी घेऊच नये. तळाची फळे दबतात आणि दबलेले फळ आठवडाभरात शेजारची फळेही खराब करते.

खबरदारी : ई-मेलमध्ये जागा टनांत लिहू नये, क्रेटमध्ये लिहावी. टनांत लिहिले की व्यापारी त्याचे क्रेट आपल्या सोयीने काढतो, चालक आपल्या सोयीने.

## टप्पा ३ : एका दिवसात किती माल घेता येईल हे ठरवणे

रिकामी जागा आणि उतरवून घेण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बागेतून आलेले फळ गरम असते. ती उष्णता यंत्राला ओढून काढावी लागते आणि ते होईपर्यंत चेंबरमधील आधीचा माल ती उष्णता सोसत असतो.

हिशेब अवघड नाही. संत्र्याचा एक किलो एक अंशाने थंड करण्यासाठी सुमारे ३.७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ५०० क्रेट म्हणजे १० टन माल ३० अंशांवरून ७ अंशांवर आणायचा असेल, तर २३ अंशांचा उतार झाला आणि एकूण सुमारे ८ लाख ५१ हजार किलोज्यूल उष्णता काढावी लागली. हे काम वीस तासांत करायचे असेल, तर फक्त फळांसाठी सुमारे ३.४ टन रेफ्रिजरेशन खर्ची पडते. फळांचा श्वसनामुळे होणारा उष्मा, उघडे दार, पंखे, दिवे आणि आत वावरणारी माणसे यांचा भार त्यावर वेगळा असतो. आपल्या चेंबरच्या यंत्रात यासाठी किती शिल्लक आहे, हे यंत्रचालकाला विचारून लेखी घ्यावे. आपल्या उदाहरणात ते ५०० क्रेटला पुरते, त्याहून जास्त मालाला पुरत नाही, असे धरू.

हाच माल मार्चमधील दुपारी ३५ अंशांवर आला, तर उतार २३ ऐवजी २८ अंशांचा होतो. तेवढेच यंत्र मग सुमारे ४१० क्रेटच सांभाळू शकते. म्हणून सकाळी तोडलेला आणि सावलीत ठेवलेला माल आणावा, ही अट सौजन्याची सूचना म्हणून लिहू नये. ती दैनिक मर्यादेचाच भाग आहे आणि तशीच लिहावी.

६,००० क्रेट भागिले ५०० म्हणजे बारा दिवस. आपल्याकडे विकण्यासारखे आहे ते हे : बारा भरणी-दिवस आणि प्रत्येक दिवसाला ५०० क्रेट. नोंदवही उघडताना पहिल्या पानावर हेच बारा रकाने आखावेत.

तपासणी : मर्यादा ओलांडली गेली की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. आदल्या दिवशीच्या थप्पीच्या मधल्या क्रेटमधील एका फळात तापमापीची सुई घालून पाहावी. भिंतीवरचा काटा ७ दाखवत असला आणि फळाचा गर १५ अंशांवर असला, तर त्या दिवशीची भरणी कमी करावी लागते. भिंतीवरचा काटा हवेचे तापमान सांगतो, फळाचे नाही.

## टप्पा ४ : कोणता चेंबर कोणत्या मालाला, हे आधी ठरवणे

नागपुरी संत्र्यासाठी ६ ते ७ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता ठेवतात. त्याहून बरेच खाली गेल्यास सालीवर खोलगट तपकिरी डाग पडतात. ते डाग चेंबरमध्ये फारसे दिसत नाहीत, माल बाहेर काढल्यावर उठून दिसतात. दीर्घकाळ ठेवायचा बियाण्याचा बटाटा याउलट २ ते ४ अंशांवर ठेवावा लागतो. त्यामुळे एकाच चेंबरमध्ये दोन्ही बसवण्याचा मोह टाळावा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न काळाचा आहे. बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये आत गेला की सहज सात-आठ महिने बसतो. संत्रा सुमारे दीड महिन्यात बाहेर पडतो. भाव बरा मिळतो म्हणून सर्व चेंबर आधी बटाट्याला दिले, तर संत्र्याला जागा उरत नाही. सर्व संत्र्यासाठी अडवून ठेवले, तर एप्रिलनंतर ते रिकामे पडतात, कारण तोपर्यंत बटाट्याची भरणी संपलेली असते. ही निवड ज्याची त्याने करावी, परंतु ती ई-मेल लिहिण्यापूर्वी करावी. उत्तरे आल्यानंतर चेंबर बदलणे म्हणजे आधी दिलेला शब्द मोडणे असते आणि कळमन्यात ते लवकर पसरते.

## टप्पा ५ : यादी, लिपी आणि पाठवण्याची रीत

यादीत गेल्या दोन हंगामांत माल ठेवलेले व्यापारी, नव्याने चौकशी केलेले व्यापारी आणि अडते असे वेगवेगळे गट करावेत. गेल्या वेळी ज्यांची उचल लांबली किंवा भाडे थकले, त्यांना तोच मजकूर पाठवू नये. आधी जुना हिशेब, मग नवी नोंदणी.

सर्व पत्ते एकाच रकान्यात टाकून ई-मेल पाठवण्याची चूक अजूनही होते. एका व्यापाऱ्याला बाकी सर्व व्यापाऱ्यांचे पत्ते दिसतात आणि कोण कुठे माल ठेवतो ते उघड होते. पत्ते `Bcc` या रकान्यात टाकावेत, `To` मध्ये आपलाच पत्ता ठेवावा.

मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा. जुन्या संगणकावरील टंकातून उचलून चिकटवलेला मराठी मजकूर समोरच्या फोनवर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. व्यापारी तो उघडतो, बंद करतो आणि पुन्हा पाहत नाही. कळमन्यातील पुष्कळ व्यापारी हिंदी भाषक असल्यामुळे मराठी मजकुराखाली त्याचा हिंदी मजकूर द्यावा. जोडपत्रात दरपत्रक ठेवले तरी तारखा, मर्यादा आणि भाडे मुख्य मजकुरातच असावे. जोडपत्र उघडणारे थोडेच असतात.

## टप्पा ६ : मजकुराचा क्रम आणि नमुना

मजकुराची सुरुवात प्रशंसेने किंवा शीतगृहाच्या वर्णनाने करू नये. वाचणाऱ्याला पाच गोष्टी याच क्रमाने हव्या असतात : कोणता माल, किती क्रेट, कोणत्या तारखांना भरणी, किती दिवसांसाठी किती भाडे आणि त्याने काय कळवायचे. मालाच्या अटी भाड्यानंतर आणि त्याने काय कळवायचे त्याच्या आधी याव्यात. नमुना पुढे देत आहे. कंसातील जागा आपल्या माहितीने भराव्यात.

> विषय : मृग बहार संत्रा – चेंबर ३ – भरणी २० फेब्रुवारी ते ३ मार्च – उत्तराची अंतिम तारीख ५ जानेवारी
>
> आदरणीय व्यापारी बंधू-भगिनींनो,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> येत्या मृग बहार हंगामासाठी आमच्या शीतगृहातील चेंबर ३ फक्त संत्र्यासाठी राखून ठेवला आहे. त्यात एकूण ६,००० क्रेट घेतले जातील. क्रेटचे माप ५४ बाय ३६ सेंटिमीटर आणि प्रति क्रेट वजन सुमारे २० किलो धरले आहे. आपले क्रेट वेगळ्या मापाचे असल्यास उत्तरात तसे लिहावे.
>
> भरणी २० फेब्रुवारी ते ३ मार्च या बारा दिवसांत होईल. एका दिवशी सर्व व्यापाऱ्यांचा मिळून ५०० क्रेटपेक्षा जास्त माल घेतला जाणार नाही आणि हा माल सकाळी तोडलेला व सावलीत ठेवलेला असावा. आपल्याला दिलेल्या तारखेला सकाळी ७ ते ११ या वेळेत गाडी फाटकावर यावी.
>
> राखणीचा काळ प्रत्येक लॉट आत आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ४५ दिवसांचा आहे. या काळाचे भाडे प्रति क्रेट (रक्कम) रुपये असून हमाली वेगळी (रक्कम) रुपये आहे. ४६व्या दिवसापासून प्रति क्रेट प्रतिदिन (रक्कम) रुपये आकारले जातील. भाडे आत घेतलेल्या क्रेटच्या संख्येवर लागेल.
>
> राखणीसाठी देठासह कातरून तोडलेला, कोरडा, प्रतवारी केलेला माल आणावा. ओढून तोडलेली, देठ निघालेली, गारपिटीचा मार बसलेली किंवा पावसात भिजलेली फळे घेतली जाणार नाहीत. पाऊस झाल्यास साल पूर्ण सुकल्यानंतरच माल आणावा; त्यासाठी आपली तारीख पुढे देण्याचा प्रयत्न केला जाईल.
>
> नोंदणी हवी असल्यास ५ जानेवारीपर्यंत या ई-मेलला उत्तर देऊन पुढील माहिती कळवावी : (१) प्रतिष्ठानाचे नाव, (२) क्रेटची संख्या, (३) पसंतीच्या दोन तारखा, (४) क्रेटचे माप, (५) गाडीसोबत येणाऱ्या जबाबदार व्यक्तीचा फोन क्रमांक.
>
> आपले उत्तर ही मागणी समजली जाईल. जागा निश्चित झाल्याचे पत्र आम्ही १० जानेवारीपर्यंत पाठवू आणि त्यात आपल्या भरणीच्या व उचलीच्या तारखा असतील. त्या पत्रानंतर पाच दिवसांत भाड्याच्या (टक्केवारी) टक्के इसार जमा झाल्यावर नोंदणी पक्की होईल.
>
> आपला,
> (नाव, पद, शीतगृहाचे नाव आणि पत्ता, कार्यालयाचा फोन क्रमांक)

या नमुन्यातील दोन वाक्ये गाळू नयेत. 'आपले उत्तर ही मागणी समजली जाईल' हे पहिले. ते नसेल, तर व्यापाऱ्याचे 'मला दोन हजार क्रेट हवेत' हे उत्तर मिळताच करार झाला, असा अर्थ निघू शकतो आणि आपण तितक्या जागेला बांधले जातो. दुसरे वाक्य ४६व्या दिवसाचे. नुसते 'मासिक भाडे' लिहिले, तर महिना भरणीच्या तारखेपासून मोजायचा की कॅलेंडरच्या पहिल्या तारखेपासून, आणि अर्ध्या महिन्याचे पूर्ण भाडे लागते का, यावर उचलीच्या दिवशी वाद होतो. गाडी रस्त्यावर उभी असताना हा वाद कोणालाच परवडत नाही.

मालाच्या नुकसानीची जबाबदारी आपल्यावर काहीच नाही, असे एक वाक्य लिहून सुटका होते, हा समज चुकीचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार दुसऱ्याचा माल सांभाळायला घेणाऱ्याने, सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या मालाची घेतो तितकी काळजी घ्यावी लागते. म्हणून विमा कोण उतरवणार, वीज गेल्यास जनरेटर किती वेळात सुरू होतो आणि तापमानाची नोंद व्यापाऱ्याला पाहता येईल का, हे निश्चितीच्या पत्रात स्पष्ट लिहावे. नैसर्गिक वजनघट वेगळी आणि निष्काळजीपणाने झालेले नुकसान वेगळे, हेही त्यात नमूद करावे.

खबरदारी : 'जागा झपाट्याने भरत आहे' यासारखे वाक्य घालू नये. जुने व्यापारी त्याला भुलत नाहीत, आणि नवे व्यापारी घाबरून गरजेपेक्षा जास्त क्रेट मागतात. फुगवलेली मागणी नंतर आपल्यालाच निस्तरावी लागते.

## टप्पा ७ : उत्तरांची छाननी आणि तारखांचे वाटप

आता आपले उदाहरण पुढे नेऊ. तीन व्यापाऱ्यांची उत्तरे आली आहेत. पहिल्याला २,००० क्रेट हवेत आणि त्याला ते २० व २१ फेब्रुवारी या दोन दिवसांत उतरवायचे आहेत. दुसऱ्याला १,५०० हवेत. तिसऱ्याला ३,००० हवेत. एकूण मागणी ६,५०० म्हणजे आपल्या जागेपेक्षा ५०० अधिक आहे.

पहिल्याची मागणी जागेच्या दृष्टीने सहज बसते, दिवसाच्या दृष्टीने बसत नाही. दोन दिवसांत २,००० क्रेट म्हणजे दररोज १,०००, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. त्याला नकार देण्याऐवजी चार दिवस द्यावेत : २० ते २३ फेब्रुवारी, दररोज ५००. त्याला कारण सांगावे. 'तुमचेच पहिल्या दिवशीचे फळ दुसऱ्या दिवशीच्या उष्णतेने गरम होईल' हे वाक्य बागवान आणि व्यापारी दोघांनाही पटते. दुसऱ्याला २४ ते २६ फेब्रुवारी. तिसऱ्याला २७ फेब्रुवारी ते ३ मार्च हे पाच दिवस, म्हणजे २,५०० क्रेट. त्याचे उरलेले ५०० प्रतीक्षा यादीत. बारा दिवस संपले, ६,००० क्रेट संपले.

उचलीच्या तारखाही याच वेळी काढाव्यात, पुढे ढकलू नयेत. पहिल्याचा पहिला लॉट २० फेब्रुवारीला आत आला, त्याचे ४५ दिवस ६ एप्रिलला भरतात. त्याचा शेवटचा लॉट ९ एप्रिलला. तिसऱ्याचा शेवटचा लॉट १७ एप्रिलला. (फेब्रुवारी २९ दिवसांचा असेल, तर शेवटचा भरणी-दिवस २ मार्च होतो, आणि उचलीच्या तारखाही एक दिवस अलीकडे येतात.) या तारखा निश्चितीच्या पत्रात लॉटवार लिहाव्यात. एप्रिलमध्ये नागपूरचा पारा चढलेला असतो. ७ अंशांवरून थेट उन्हात आलेल्या फळावर पाणी सुटते आणि ओल्या सालीवर बुरशी फार लवकर धरते. म्हणून उचल पहाटेची ठेवावी, तोही उल्लेख पत्रात असावा.

जागा कोणाला आधी, हा प्रश्न उत्तर आल्याच्या वेळेवर सोडवू नये. उत्तर देण्यास खर्च येत नाही, त्यामुळे एकच व्यापारी पाच शीतगृहांना उत्तर देऊ शकतो. प्राधान्य इसार जमा झाल्याच्या तारखेवर द्यावे आणि ते निश्चितीच्या पत्रात स्पष्ट करावे. इसार किती असावा यावर मतभेद आहेत. माझ्या मते तो इतका असावा की दुसरीकडे स्वस्त जागा मिळाली म्हणून तारीख सोडताना व्यापाऱ्याला दोनदा विचार करावा लागेल, पण इतका नसावा की गारपिटीने बाग गेलेल्या व्यापाऱ्याला तो दंडासारखा वाटेल. न आलेल्या मालासाठी इसार ठेवून घ्यायचा की पुढील हंगामात वळता करायचा, तेही आधी लिहावे. अवाजवी रक्कम जप्त करण्याची अट कायद्यापुढे टिकणे कठीण असते.

तपासणी : पत्रे पाठवण्यापूर्वी दररोजच्या रकान्यातील क्रेटची बेरीज करावी. कोणताही रकाना ५०० च्या वर गेला असेल, तर एकूण बेरीज ६,००० च्या आत असूनही वेळापत्रक चुकलेले आहे.

## टप्पा ८ : इसार आल्यानंतर भरणीपर्यंत

इसार आल्यावर पावती त्याच ई-मेलच्या धाग्यात उत्तर म्हणून पाठवावी, नव्या ई-मेलने नव्हे. मागणी, निश्चिती आणि पावती एकाखाली एक राहिली की वादाच्या वेळी शोधाशोध करावी लागत नाही. फोनवर ठरलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी या धाग्यात एका ओळीत लिहून टाकावा : 'आज फोनवर ठरल्याप्रमाणे आपली २४ तारखेची गाडी २६ला येईल.' हे काम कंटाळवाणे आहे. फोनवर 'ठीक आहे, पाहतो' म्हटलेले मात्र फाटकावर कोणालाच आठवत नाही.

कोणी तारीख सोडली, तर ती प्रतीक्षा यादीतील व्यापाऱ्याला द्यावी. आत आधीच असलेल्या व्यापाऱ्याने जास्त गाड्या आणल्या म्हणून ती परस्पर त्याला देऊ नये. आपल्या उदाहरणात दुसऱ्या व्यापाऱ्याची एक गाडी आली नाही, तर मोकळा झालेला दिवस तिसऱ्याच्या ५०० क्रेटना जातो आणि त्यांची उचलीची तारीखही त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते.

फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला, तर सर्वांना एकच छोटा ई-मेल आणि त्याबरोबर फोन करावा. त्यात पुढचे दोन-तीन दिवस कोणाची भरणी थांबली आहे, कोणाची पुढे सरकली आहे आणि ओला माल फाटकावरून परत पाठवला जाईल, एवढे तीन मुद्दे असावेत. पावसानंतर माल घाईने तोडला जातो आणि देठ नीट कातरले जात नाहीत. म्हणून त्या आठवड्यात प्रत्येक गाडीतील पाच-सहा क्रेट रिकामे करून पाहिल्याशिवाय पावती देऊ नये.

प्रत्येक व्यापाऱ्याच्या पहिल्या भरणीच्या दोन दिवस आधी शेवटचा ई-मेल जातो. त्यात त्याच्या तारखा, क्रेटची संख्या, गाडी येण्याची वेळ, चेंबरचा क्रमांक आणि फाटकावर दाखवायचा नोंदणी क्रमांक, इतकेच असावे. याच ई-मेलची छापील प्रत फाटकावरच्या कारकुनाकडे ठेवावी. सकाळी सात वाजता पहिली गाडी लागते, तेव्हा कार्यालय अजून उघडलेले नसते आणि गाडी आत सोडायची की नाही, हे त्या कारकुनालाच ठरवायचे असते.